पाव की निम्मा? चॅटमधून परत मिळालेले फोटो आणि अस्सल प्रतीचा शोध

मागच्या पोस्टवर दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला होता. फील्डवर्कमध्ये कागदपत्रांचे फोटो लोक व्हॉट्सॲपवर पाठवतात, ते नंतर बॅकअपमधून परत आणले की धूसर का दिसतात? एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण या प्रश्नापायी माझ्या प्रबंधातलं एक कोष्टक जवळजवळ चुकलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिंपरी पेंढार तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. जुन्नर तालुक्यात, नगर-कल्याण रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाट्याच्या मधे. तिथल्या एका घरात मोडी कागदांचं एक रुमाल आहे. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, हे नवीन मंडळींसाठी सांगते. त्यात घरच्या देण्याघेण्याचे हिशेब आहेत. मी गेले त्या दिवशी घरात कार्य होतं, त्यामुळे जेमतेम अर्धा तास कागद बघायला मिळाले. काका म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला पुन्हा येता एवढ्या लांबून? पुतण्या फोटो काढून धाडील." पुतण्याने खरंच दुसऱ्या दिवशी ६४ फोटो धाडले. मी त्यातला एक नमुन्यादाखल लॅपटॉपवर घेतला आणि बाकीचे "नंतर बघू" म्हणून चॅटमध्येच राहू दिले. हा माझा पहिला आळस.

दोन महिन्यांनी माझा फोन पाण्यात पडला. नव्या फोनवर बॅकअप उतरवला, चॅट परत आली. ५० फोटो उघडत होते, पण अक्षर मोठं करून पाहिलं की कडा फुटत होत्या. उरलेल्या १४ फोटोंच्या जागी नुसते धुक्यासारखे चौकोन होते, बोट लावलं तरी उघडत नव्हते. मी बॅकअपच्या नावाने बोटं मोडली आणि जे वाचता येतंय ते वाचायला बसले.

एका पानावर सात-आठ नोंदी आणि खाली बेरीज होती. मोडी हिशेबात रुपयाचे भाग कसे दाखवतात ते माहीत असेलच: आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे निम्मे, तीन म्हणजे पाऊण. ३। म्हणजे सव्वातीन, ३॥ म्हणजे साडेतीन. माझ्या वाचनाप्रमाणे नोंदींची बेरीज ४६॥। येत होती आणि कागदावर लिहिणाऱ्याने ४७॥ लिहिले होते. पाऊण रुपयाचा, म्हणजे बारा आण्यांचा फरक. आता तुम्ही काय केलं असतं? मी वहीत चक्क लिहून ठेवलं होतं, "कारकुनाची बेरीज चुकली आहे." वर्षानुवर्षं रोजचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला मी, दोन वर्षं मोडी शिकलेली बाई, चूक ठरवत होते!

मग शंका आली, कारण फरक पाऊणच होता. तीन ठिकाणी दोन रेघांऐवजी मला एकच रेघ दिसली असेल, तर तीन वेळा पाव, म्हणजे बरोबर पाऊण. शंका घेण्याजोगी तीन ठिकाणं पानावर सापडलीही. पण रेघा मोजायला फोटो साथ देईना.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बॅकअपने फोटो खराब केले का? हे तर्काने ठरवायची गरज नाही, तपासता येतं. पहिल्या दिवशी लॅपटॉपवर घेतलेला तो एक फोटो माझ्याकडे होता. तोच फोटो परत मिळालेल्यांतही होता. दोन्ही फाइलींची ओळखखूण काढली:

```
sha256sum juna/IMG-20231119-WA0023.jpg navin/IMG-20231119-WA0023.jpg
```

हा आदेश फाइलमधल्या प्रत्येक बिटावरून अक्षरं-आकड्यांची एक लांब माळ काढून देतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी माळ पार वेगळी येते. माझ्या दोन्ही माळा एकसारख्या आल्या. म्हणजे बॅकअपने काहीच गमावलं नव्हतं. मला पहिल्या दिवशी जे मिळालं होतं, अगदी तेच परत आलं होतं. पहिल्या दिवशी ते मोबाइलच्या वितभर पडद्यावर पाहिलं म्हणून छान वाटलं, आता लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं म्हणून उघडं पडलं. एवढंच.

फोटो बारीक झाला होता तो पाठवतानाच, आणि तोही पुतण्याच्या फोनवर. साध्या पद्धतीने फोटो पाठवला की व्हॉट्सॲप आधी त्याचा आकार कमी करतं. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणली जाते आणि मग तो पुन्हा जास्त दाबून साठवला जातो. ही लहान केलेली प्रतच फोनमधून बाहेर पडते. मूळ फोटो तुमच्यापर्यंत कधी निघालेलाच नसतो, मग तुमच्या बॅकअपमध्ये तो कुठून सापडणार?

आकडे मांडून बघू. पुतण्याचा फोन ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो काढतो. म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. चॅटमधून आलेला फोटो १६०० बाय १२००, म्हणजे १९ लाख २० हजार. सहा ठिपक्यांमागे एकच उरला. कागद लांबट, आजूबाजूची थोडी जागा धरून ४२ सेंटिमीटर लांबी चौकटीत आलेली. मूळ फोटोत एका मिलिमीटरला साडेनऊ पिक्सेल पडतात, चॅटमधल्या फोटोत चारही नाहीत. बोरूच्या दोन उभ्या रेघांमधली फट पाव-अर्धा मिलिमीटर असते. ०.३ मिलिमीटर धरली तर मुळात तिच्या वाट्याला जवळजवळ तीन पिक्सेल येतात आणि चॅटच्या प्रतीत जेमतेम एक. एका पिक्सेलची फट, तीही पिवळट कागदावरची, शाई थोडी पसरलेली. दोन रेघांची एक जाड रेघ व्हायला आणखी काय लागतं?

त्यात दाबण्याची पद्धत भर घालते, आणि तिचा इतिहास आपल्या कामाचा आहे. फोटो दाबण्याची जी पद्धत आज सर्रास वापरतात, म्हणजे जेपेग, तिच्या मुळाशी एक गणिती रूपांतर आहे: डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. ते सुचवणारे नसीर अहमद मूळचे बेंगळुरूचे, पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं होतं, ते नाकारलं गेलं. (तुमचा प्रस्ताव परत आला असेल तर हे लक्षात असू द्या, पण गाइडला ऐकवू नका.) काम मात्र झालं, आणि नटराजन व के. आर. राव यांच्याबरोबरचा त्यांचा शोधनिबंध १९७४ च्या जानेवारीत छापून आला. त्यावर बेतलेलं जेपेगचं मानक १९९२ मध्ये मंजूर झालं.

पद्धत अशी. फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनात संथ बदल किती आणि झपाट्याने होणारे बदल किती, हे वेगळं काढायचं. माणसाच्या डोळ्याला झपाट्याचे बारीक बदल फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते ढोबळ करायचे किंवा सरळ सोडून द्यायचे. जितकं जास्त दाबाल तितके जास्त सोडायचे. आकाश, चेहरा, शिवनेरीचा कडा, यांना हे छान मानवतं. पण पांढऱ्यावर काळी बारीक रेघ म्हणजे काय? तोच तो झपाट्याचा बदल! चेहऱ्यासाठी जे निरुपयोगी म्हणून टाकलं जातं, त्यातच आपला पाव आणि निम्मा असतो. अक्षरांच्या कडेला मुंग्या लागल्यासारखे करडे ठिपके दिसतात ना, ती याचीच खूण. ते कागदावरचे डाग नव्हेत. मी एकदा अशा ठिपक्याला अनुस्वार समजले होते.

आणि एकदा टाकलेलं परत येत नाही. फोटो "शार्प" करणारी ॲप कडा गडद करतात, एक जाड रेघ आणखी ठसठशीत काळी करतात. तिच्या जागी दोन होत्या की एक, हे त्यांनाही माहीत नसतं.

एवढी कापाकापी करायची गरजच काय, असं वाटेल. व्हॉट्सॲप २००९ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे तेव्हा बहुतेकांच्या हातात टूजी होतं. सेकंदाला ४० किलोबिट वेग धरला तर ३ मेगाबाइटचा फोटो जायला दहा मिनिटं लागतात, २०० किलोबाइटचा ४० सेकंदांत जातो. हळदीकुंकवाचा फोटो आत्याला दाखवायचा असेल तर ही तडजोड शहाणपणाचीच. आपण मात्र दप्तरखान्याचं काम तिच्याकडून करून घेतो.

आता त्या १४ धुकट चौकोनांबद्दल. ते वेगळं प्रकरण आहे, दोन्हींची गल्लत करू नका. चॅटमधल्या प्रत्येक फोटोबरोबर त्याची एक अगदी चिमुकली झलक येते आणि ती संदेशांच्या नोंदवहीतच साठवली जाते. खरा फोटो वेगळ्या फाइलीत असतो. ती फाइल फोनमध्ये उतरवलेलीच नसेल, किंवा बॅकअपमध्ये गेलीच नसेल, तर परत आलेल्या चॅटमध्ये फक्त झलक उरते. माझे ते १४ फोटो मी जुन्या फोनवर कधी उघडलेच नव्हते. हा दुसरा आळस. झलक कितीही मोठी केली तरी तिच्यात वाचण्यासारखं काही नसतं. त्यात वेळ घालवू नका.

थोडं मागे जाते, कारण ही अडचण मोबाइलने आणलेली नाही. आपल्या कागदांतच तिच्यासाठी शब्द आहेत. अस्सल, नक्कल, तालीक. नक्कल अस्सलाशी ताडून पाहिली असेल तर तसं लिहिलेलं सापडतं, कारण नकलेची नक्कल होताना काय होतं हे त्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. आणि जुन्नरचंच उदाहरण घ्या. इथल्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांच्या हाताने उतरवून घेतलेल्या नकला लेफ्टनंट कर्नल साइक्सने १८३७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये छापल्या. लिपी न समजणाऱ्या माणसाने डोळ्याला दिसलं तसं रेखाटायचं म्हटलं की बारीक रेघा, मात्रा यांचं काय होत असेल ते तुम्हीच ताडा. त्या नकलांकडे टक लावून पाहत राहिल्याने वाचन सुधारणार नव्हतं. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचं पुस्तक काढलं, ते प्रत्यक्ष खडकावरून नव्याने घेतलेल्या प्रतिकृती हाताशी धरून. राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला आणि पुढे आयुष्यभर गावोगाव दप्तरं शोधत हिंडले, तेही अस्सलासाठीच. आपल्याला सुदैवाने लेणं चढायचं नव्हतं. फक्त पुतण्याला फोन करायचा होता.

इथे मी तिसरी चूक केली. "फोटो परत पाठव ना" एवढंच म्हटलं. त्याने बिचाऱ्याने आमची चॅट उघडली, तेच ६४ फोटो निवडले आणि पुन्हा धाडले. आले तसेच, १६०० पिक्सेलचे. त्यात त्याचा काय दोष? पाठवणाऱ्याच्या फोनमध्येही फोटोच्या दोन प्रती असू शकतात. एक कॅमेऱ्याच्या फोल्डरात, `DCIM/Camera` मध्ये, ती अस्सल. दुसरी चॅटच्या फोल्डरात, "पाठवलेले" या खणात, ती बारीक केलेली नक्कल. चॅटमधून पुढे ढकलली की नक्कलच येते.

मग त्याला नीट सांगितलं. गॅलरीत कॅमेऱ्याचे फोटो उघड, त्या तारखेवर जा. एका फोटोची माहिती बघ, किती एमबी आहे? तो म्हणाला, "चार पॉइंट दोन." ऐकून जिवात जीव आला. तिथूनच पाठव, पण फोटो म्हणून नको. चॅटमध्ये पिनेचं चिन्ह दाब, त्यातून गॅलरी न निवडता `Document` निवड आणि तिथून हे फोटो उचल. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल आहे तशी जाते, तिला कोणी दाबत नाही. २०२३ पासून फोटो पाठवताना `HD` असा पर्याय दिसतो. तो साध्यापेक्षा बराच बरा, पण त्यातही फोटो पुन्हा दाबला जातोच, म्हणून कागदपत्रांसाठी मी तो मागत नाही. ६४ फोटो असे पाठवायचा कंटाळा येत असेल तर ड्राइव्हच्या फोल्डरात टाकून लिंक द्यायला सांगा. आणि तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक केबल सोबत न्या, सगळ्यांत उत्तम.

कधीकधी अस्सल पाठवणाऱ्याकडेही नसतं. फोन बदलला, चॅट नव्या फोनवर आली, पण कॅमेऱ्याचं फोल्डर जुन्यातच राहिलं. मग जुना फोन कपाटात आहे का, हे विचारा. किंवा जागा कमी पडली म्हणून फोटो क्लाउडवर टाकून फोनमधून काढले गेले. अशा वेळी क्लाउडवरून उतरवून पाठवायला सांगा, आणि तिथे जागा वाचवण्याचा पर्याय चालू असेल तर तिथलीही प्रत थोडी दाबलेली असते हे ध्यानात ठेवा. म्हणूनच मागायला उशीर करू नका. गावाकडे फोन फुटायला एक पावसाळा पुरतो.

आलेली फाइल अस्सल आहे हे कसं ओळखायचं? माझी सवय अशी, लॅपटॉपवर घेतली की आधी हे:

```
exiftool -Model -DateTimeOriginal -ImageSize IMG_20231118_104512.jpg
```

फोनचं मॉडेल, फोटो काढल्याची वेळ आणि ४००० बाय ३००० असा आकार दिसला तर बहुधा ठीक. चॅटमधून आलेल्या नकलेत पहिल्या दोन गोष्टी मिळत नाहीत, त्या वाटेतच काढून टाकलेल्या असतात. आकार १६०० च्या घरात असतो आणि नावात `WA` असतं. नावावर एकट्यावर विसंबू नका, नाव कोणीही बदलू शकतं.

त्या वेळेच्या नोंदीचा मला एक अनपेक्षित फायदा झाला. चॅटमधल्या फोटोंचे क्रमांक फाइल माझ्याकडे आल्याच्या क्रमाने पडले होते, आणि पुतण्याने निवडताना ते मागेपुढे केले होते. पानांचा क्रम मी मजकुरावरून लावत बसले होते. अस्सल फाइलींवर फोटो काढल्याची सेकंदासकट वेळ होती, त्यामुळे रुमालातून कागद ज्या क्रमाने निघाले तो क्रम आपोआप मिळाला. मी शेजारी मानलेले दोन कागद प्रत्यक्षात वीस पानं लांब होते. एक काळजी मात्र घ्या. अस्सल फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. कोणाच्या घरात कुठे जुने कागद आहेत, हे त्यांना न विचारता जगजाहीर करायचं नसतं. फोटो कुठे छापण्याआधी ती नोंद काढा, पण स्वतःच्या संग्रहातली प्रत जशीच्या तशी ठेवा.

आता ते पान. अस्सल फोटोत तीन शंकास्पद जागांपैकी दोन ठिकाणी स्वच्छ दोन रेघा होत्या. मधली फट बारीक, पण कागदाचा रंग दिसत होता. म्हणजे अर्धा रुपया मिळाला. बेरीज ४७। वर आली. अजून पाव कमी होता. तिसरी जागा नेमकी घडीवर होती आणि घडीची सावली पडलेली. तिथे ४००० पिक्सेल असूनही उपयोग नव्हता, कारण कॅमेऱ्यालाच रेघ दिसली नव्हती. मुळात फोटोचं अस्सल म्हणजे कागदाचं अस्सल नव्हे.

काकांना फोन केला. त्यांना मोडी येत नाही, पण रेघा मोजायला मोडी कशाला यायला हवी? पान कोणतं ते पुतण्याने फोटोवरून शोधून दिलं. मी म्हटलं, "काका, वरून पाचवी ओळ, शेवटचा आकडा. घडी हलक्या हाताने उलगडून उजेडाकडे धरा. आकड्यापुढे उभी रेघ एक आहे की दोन?" पलीकडे बराच वेळ नुसता कागदाचा आवाज. मग म्हणाले, "दोन हायेत की. दुसरी जरा पुसट हाय, पन हाय."

वहीतलं "कारकुनाची बेरीज चुकली आहे" हे वाक्य मी खोडलं. पुसून टाकलं नाही, खोडलं, म्हणजे खाली काय होतं ते वाचता येतं.